दिवा २७०० चा, पण कॅमेरा कितीचा?

«बेडरूम आणि डायनिंगच्या रेंडरमध्ये सगळे दिवे २७०० केल्विनचेच ठेवा. वॉर्म लाइट टाकला की मूड आपोआप येतो. कूल लाइट टाकला की घराचं हॉस्पिटल होतं. आणि जेवण तर पिवळ्या उजेडातच चविष्ट दिसतं.»

रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं घराचं चित्र, करणाऱ्यांसाठीचा हा सल्ला. त्यातल्या पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघतो. २७०० हा आकडा दिव्याचा आहे, चित्राचा नाही. चित्रात तो उजेड किती पिवळा दिसेल, हे सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे तो कुठल्या उजेडाला पांढरा धरतो यावर, ठरतं. खात्री करायची असेल तर पाच मिनिटांचा प्रयोग करा. राखाडी भिंतींची एक साधी खोली घ्या, खिडकी बंद करा, एकच दिवा ठेवा. आधी दिवा २७०० आणि व्हाइट बॅलन्सही २७००. मग दिवा ६५०० आणि व्हाइट बॅलन्सही ६५००. ऑटो एक्स्पोजर मात्र बंद असू द्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीत तर कुठलं कुठलं ते ओळखता येणार नाही. भिंत दोन्हीकडे राखाडी, चादर दोन्हीकडे पांढरी. आता दिवा २७०० ठेवून व्हाइट बॅलन्स ६५०० करा. सगळी खोली केशरात बुडते. बऱ्याच जणांच्या रेंडरमध्ये नेमकं हेच होतं. सॉफ्टवेअरची सेटिंग ६५०० च्या आसपास पडून असते आणि तिला कोणी हात लावत नाही.

म्हणजे बघायचं ते दिवा आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर. ते केल्विनची साधी वजाबाकी करून कळत नाही. २७०० आणि ३००० मधले तीनशे डोळ्याला चटकन दिसतात, ६२०० आणि ६५०० मधले तीनशे जाणवतही नाहीत. फोटोग्राफर यासाठी मायरेड वापरतात: दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागायचं. २७०० चे होतात ३७०, ६५०० चे १५४, म्हणजे अंतर २१६. हे फारच झालं. माझा स्वतःचा हिशोब साधारण ६० ते १०० मायरेडचा आहे. दिवा ३००० म्हणजे ३३३, कॅमेरा ४००० म्हणजे २५०, अंतर ८३. एवढ्यात दिवा उबदार दिसतो आणि उशीचा अभ्रा पांढराच राहतो. अभ्रा केशरी दिसायला लागला की अंतर जास्त झालंय, असं मी समजतो.

आता मूड. उबदारपणा कळायला शेजारी काहीतरी थंड लागतं. सगळे दिवे २७०० चे आणि खिडकीवर जाड पडदा असेल, तर डोळ्याला तुलना करायला काहीच उरत नाही. चित्र जुन्या पिवळ्या पडलेल्या फोटोसारखं दिसतं. मी संध्याकाळची बेडरूम करतो तेव्हा पलंगाच्या दोन्ही बाजूंचे दिवे २७०० वर, कॅमेरा ३८०० वर आणि खिडकीतून येणारा आकाशाचा उजेड ८००० च्या आसपास ठेवतो. मायरेडमध्ये दिवे ३७०, कॅमेरा २६३, आकाश १२५. कॅमेरा मध्ये आणि दोन उजेड त्याच्या दोन बाजूंना. पडद्याच्या कडेला निळसर झाक येते, दिव्याखालची भिंत सोनेरी होते आणि दिवेलागणीची वेळ न सांगता कळते. इथे मूड आणायला खिडकीतल्या कूल उजेडाचीच मदत झाली. तो फार झाला की पांढऱ्या सिलिंगवर खिडकीजवळ जांभळट डाग दिसतो. तेव्हा आकाशाचा जोर कमी करायचा, केल्विन नाही.

हॉस्पिटलबद्दल थोडक्यात. आपल्यातले निम्मे लोक ट्यूबलाइटखाली वाढले, त्या घरांत कोणाला ऑपरेशन थिएटर आठवलं नाही. हॉस्पिटलचा भास होतो तो सिलिंगभर सारखे बसवलेले पॅनल आणि सावलीच नसलेला सपाट उजेड यांमुळे. हेच पॅनल ३००० चे करून बघा, हॉस्पिटल तसंच राहील, फक्त पिवळं होईल. या समजुतीला एक जुना आधार आहे, तो नाकारत नाही. १९४१ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ क्रूइटहॉफ यांनी मांडलं होतं की मंद उजेडात कूल रंग उदास वाटतो आणि प्रखर उजेडात वॉर्म रंग अस्वाभाविक वाटतो. नंतरच्या प्रयोगांत त्यांच्या सीमारेषा तितक्या ठाम ठरल्या नाहीत. शिवाय त्या प्रयोगांतले लोक खरोखरच्या उजेडात बसले होते. रेंडरमधला प्रखरपणा एक्स्पोजर ठरवतं. (रात्री निळ्या उजेडाने झोप उडते म्हणतात, तेही खऱ्या दिव्यांबद्दल. रेंडरमधल्या पलंगावर कोणी झोपत नाही.)

जेवणाचा मुद्दा मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. बहुतेक रेंडर इंजिनं लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत हिशोब करतात आणि दिव्याचा रंग वस्तूच्या रंगाने गुणतात. कॅमेरा ६५०० वरच पडून असेल, तर २७०० च्या उजेडात लाल १०० धरला की हिरवा साधारण ४० भरतो आणि निळा जेमतेम १०. समजा ताटातल्या कोथिंबिरीच्या पानाचा रंग लाल १०, हिरवा ३०, निळा ८ असा आहे. गुणाकार केल्यावर लाल १०, हिरवा १२, निळा एकाहूनही कमी. लाल आणि हिरवा जवळपास सारखे झाले, म्हणजे पान मातकट, सुकल्यासारखं दिसणार. भात हळद घातल्यासारखा, स्टीलचं ताट पितळेचं. आता तेच पान ३००० चा दिवा आणि ४००० चा कॅमेरा या जोडीत मोजा: लाल १०, हिरवा २२, निळा ३. पान पुन्हा हिरवं. उजेड अजूनही वॉर्मच आहे.

डायनिंगमध्ये आणखी एक फसगत होते, लाकडाची. टेबल सागवानी, मागची भिंत व्हेनिअरची, वर लाकडी सिलिंग. लाकडावरून परतणारा उजेड दर वेळी निळा सोडत जातो आणि दोनतीन वेळा आपटून आला की आणखी केशरी होतो. अशा खोलीत टेबलावरचा लटकता दिवा ३००० ठेवला, तर कोव्हमधला, म्हणजे सिलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेला, दिवा मी ४००० चा घेतो. तो सिलिंगला लागून परत येईपर्यंत आपोआप उबदार होतो. ओळखायची खूण सोपी आहे: टेबलावर पांढरी वाटी ठेवा, तिची दिव्याकडची बाजू आणि सावलीतली बाजू यांवरचे पिक्सेल वाचा. दोन्हींत निळा आकडा लालच्या निम्म्यापेक्षाही खाली असेल, तर दिवे बदला.

हे आकडे निवडताना मी बाजारही डोळ्यासमोर ठेवतो. आपल्याकडे एलईडी सहज मिळतात ते ३०००, ४००० आणि ६५०० चे. रेंडरमध्ये २७०० असेल आणि दुकानातून ३००० आला तर फरक ३७ मायरेडचा, तो खपून जातो. माझ्या एका कामात यादीत कोव्हपुढे फक्त «वॉर्म» लिहिलं होतं. इलेक्ट्रिशियनने शिल्लक पडलेली ६५०० ची पट्टी लावून टाकली आणि मालकीणबाई रेंडर फोनवर उघडून सिलिंगखाली उभ्या राहिल्या. तेव्हापासून यादीत आकडा लिहितो.