दोनशे की आठशे?

आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नसतं असं आज्जी म्हणते, म्हणून मी घरात बसून थर्मोडायनॅमिक्सच्या फायनल नोट्स काढायला घेतल्या आणि संध्याकाळी पाचला माझं टेंपरेचर बाहेरच्यापेक्षा जास्त होतं.

प्लॅन एकदम सोपा होता. एका बाजूला सरांच्या लेक्चरची वही, दुसऱ्या बाजूला पुस्तक, मध्ये कोरा ए-फोर आणि नवीन जेल पेन. दोन्हीकडचं वाचायचं आणि सुंदर अक्षरात एका पानावर उतरवायचं. बीएस्सी फर्स्ट इयरचा पोरगा आहे मी, एवढं तर जमणारच की. पहिलीच ओळ होती, थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम. पुस्तकात ΔU = Q − W, म्हणजे ΔU हा गॅसच्या आतल्या ऊर्जेतला बदल, Q दिलेली उष्णता आणि W काम. वहीत ΔU = q + w. जेल पेनचं टोपण परत लावलं.

आता कुणीही म्हणेल की वहीतलं मीच चुकीचं उतरवलं असणार. मीपण तेच म्हणालो, कारण माझी वही मला माहितीय, तिच्यात एका पानावर मोलच्या व्याख्येखाली शेंगा चटणीचा डाग आहे आणि तो डाग व्याख्येपेक्षा स्पष्ट आहे. म्हणून मी पुस्तकाचा फॉर्म्युला पानावर उतरवला, आणि सरांनी सांगितलेलं w = −PΔV मात्र त्याच्याखाली तसंच ठेवलं, कारण ते वहीत दोनदा अधोरेखित होतं. म्हणजे नवरा एका घरचा आणि नवरी दुसऱ्याच लग्नातली.

मग म्हटलं एक गणित सोडवून बघू. गॅसला ५०० ज्यूल उष्णता दिली, तो १ बारच्या बाहेरच्या दाबाविरुद्ध २ लिटरचा ५ लिटर झाला. १ बार गुणिले ३ लिटर म्हणजे ३०० ज्यूल काम. माझ्या पानाप्रमाणे w झाला −३००, आणि ΔU = ५०० − (−३००) = ८०० ज्यूल. छान टिक मारली. चहा प्यायला उठलो आणि अर्ध्या कपात डोक्यात आलं, थांब बे, गॅसला मिळाले ५००, त्यातून त्याने खर्च केले ३००, आणि शिल्लक ८००? असा गॅस मिळाला तर आमच्या गल्लीतले सगळे यंत्रमाग त्याच्यावरच फुकटात चालतील, वर लाईटबिल परत मिळेल.

हे मी वैतागून आज्जीला सांगितलं. आज्जीला थर्मोडायनॅमिक्स येत नाही पण किराणा दुकानाची वही येते. म्हणाली, "मी दुकानदाराला तीनशे दिले, तर माझ्या वहीत गेले लिहिणार, त्याच्या वहीत आले लिहिणार. तू आरं दोघांच्या वह्या एकत्र शिवून हिशोब करायलास होय?"

तेच होतं की ओ. पुस्तक निघालं फिजिक्सवाल्यांच्या पद्धतीचं, त्यात W म्हणजे गॅसने *केलेलं* काम. वाफेच्या इंजिनाकडून काम काढून घ्यायचं होतं ना, म्हणून बाहेर आलेलं काम प्लस. केमिस्ट्रीवाल्यांचा w म्हणजे गॅस*वर* झालेलं काम, म्हणून गॅस प्रसरण पावला की तो मायनस. पुस्तकाच्या पद्धतीने ५०० − ३०० = २००. सरांच्या पद्धतीने ५०० + (−३००) = २००. दोघांचं उत्तर एकच, दोघंही बरोबर, चुकीचा फक्त मी, कारण अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं घेतलं होतं. दोन तास मी सर खरे की पुस्तक खरं ठरवत बसलेलो, आणि भांडण नव्हतंच तिथं. आपला पेपर केमिस्ट्रीचा, म्हणून पानावर डोक्यावरच चौकट केली: w म्हणजे गॅसवर झालेलं काम, प्रसरणात मायनस. त्याखाली पुस्तकाचा एकही फॉर्म्युला चिन्ह न तपासता येऊ द्यायचा नाही.

या यशाने मला वाटलं की सगळीच भांडणं अशी गोडीने मिटतात. पुढची ओळ, एसटीपीला, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाण तापमान आणि दाबाला, एक मोल आदर्श वायूचं आकारमान. सर म्हणाले होते २२.४ लिटर, पुस्तकात २२.७. मी लगेच शहाण्यासारखा, दोघंही बरोबर! पण ही भानगड वेगळी आहे. केमिस्ट्रीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आययूपीएसीने, १९८२ साली प्रमाण दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरवरून १ बार केला, आणि अ‍ॅटमॉस्फिअर हा १.०१३२५ बार असतो. दाब किंचित कमी धरला तर गॅस किंचित जास्त जागा घेणार. २२.४१४ ला १.०१३२५ ने गुणलं, २२.७११ आलं, पुस्तक सुटलं. म्हणजे सरांचा आकडा जुन्या व्याख्येचा, पुस्तकाचा नव्या. इथं कुठलाही एक आकडा एकटा लिहिला तर तो लंगडाच, म्हणून दोन्ही लिहिले आणि प्रत्येकाशेजारी त्याचा दाब. प्रश्नात जो दाब दिलाय तो बघायचा, नुसतंच एसटीपी असेल तर तो पेपर कुठली व्याख्या धरतो ते जुन्या पेपरांतून बघायचं.

तिसऱ्या जागी मात्र माझी खरी परीक्षा झाली. वहीत लिहिलेलं, अ‍ॅडिअबॅटिकमध्ये ΔU = 0 आणि आयसोथर्मलमध्ये q = 0. पुस्तकात बरोबर उलटं. मी म्हटलं मित्रांना विचारू. ग्रुपवर चौघांच्या वहीचे फोटो आले, चौघांचंही माझ्यासारखंच. पाच विरुद्ध एक, पुस्तक हरलं! जेल पेन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात फोटो झूम केले तर चौघांच्याही वहीत त्याच ओळीनंतर "चहा ४ वाजता" असं लिहिलेलं. तो माझा चहा होता. मागच्या महिन्यात चौघांनी माझीच वही उतरवली होती, चहासकट. साक्षीदार पाच, पण घटना बघितलेला एकच, आणि तोही जांभया देत.

मग सायकलच्या पंपाने निकाल लावला. भराभर हवा भरली की पंपाचं नळकांडं हाताला गरम लागतं, कारण उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, ते जवळजवळ अ‍ॅडिअबॅटिक. तापमान वाढलं म्हणजे ΔU शून्य कसा असेल? शून्य आहे तो q. ΔU शून्य आयसोथर्मलला, म्हणजे तापमान तेच राहतं तिथं, आणि तेही आदर्श वायू असेल तरच. सरांनी फळ्यावर दोन रकाने केले असणार आणि मी डुलकीत त्यांची डोकी अदलाबदल केली. ग्रुपवर चूक कळवली तर एकाने विचारलं, "मग चहाचं काय करू, खोडू का?"

रात्री आठला नळाला पाणी आलं, सगळं सोडून बादल्या भरल्या, परत येऊन पान जेल पेनने फेअर केलं. सुकायला पंख्याखाली ठेवलं, कडक भाकरीवर शेंगा चटणी घेतली (पानापासून चार हात लांब बसून) आणि उत्साहात पुढचा चॅप्टर उघडला, इलेक्ट्रोकेमिस्ट्री.

पुस्तकात झिंकचं पोटेन्शियल −०.७६ व्होल्ट. वहीत +०.७६.

"आज्जी, दुकानाची वही कुठाय गं?"