गोड बातमीचा वेटिंग पिरियड

माझा धंदा दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्याचा. तीन किराणा दुकानं, दोन हार्डवेअरवाले, एक मंगल कार्यालय आणि एक केकवाली, अशा सगळ्यांचे जीएसटी रिटर्न मी पुण्यात घरी बसून भरते. त्यामुळे ‘आता मूल हवं’ असं आमचं दोघांचं ठरलं त्या रात्री निखिलने गाणी लावली आणि मी एक्सेल उघडलं.

पहिला प्रश्न : बाळ कोणत्या महिन्यात परवडेल? जुलै बाद, कारण महिनाअखेरीपर्यंत निम्म्या गावाची इन्कम टॅक्स रिटर्न माझ्या टेबलावर असतात. सप्टेंबर ऑडिटवाल्यांचा. मार्चमध्ये तर मला जेवायलाही वेळ नसतो. सगळं वजा करता नोव्हेंबर उरला. नोव्हेंबरात बाळ झालं तर पुढच्या जुलैपर्यंत ते आठ महिन्यांचं, म्हणजे आजीकडे सोपवण्याजोगं. हे सगळं ऑगस्टात चाललं होतं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरापर्यंत हातात पंधरा महिने होते. निखिलने बोटांवर मोजून ‘म्हणजे फेब्रुवारी’ असं म्हटलं आणि उगाचच लाजला.

मग इन्शुरन्सवाले काका घरी आले. आमची आधीची मेडिक्लेम होतीच, पण तिच्यात बाळंतपण नाही. साध्या मेडिक्लेममध्ये ते नसतंच. बाळंतपण अवघड झालं, सिझर झालं, तरी खर्च आपला. गर्भनलिकेत गर्भ राहिला तर मात्र पॉलिसी मदतीला येते. बाळंतपणाचा खर्च ज्या कलमाने वगळला जातो तेच कलम ‘एवढं सोडून’ असं म्हणतं. बारीक अक्षरातली ही दयाबुद्धी मला फार आवडली.

काकांकडे दुसरी पॉलिसी होती, मातृत्वाच्या कलमासकट. वेटिंग पिरियड चोवीस महिने. कुठे नऊ असतो, कुठे चार वर्षंही असतो, असं ते म्हणाले, आणि एखाद्या कसलेल्या भटजींनी मुहूर्त काढावा तसे कॅलेंडरकडे वळले.

“ताई, तारीख मोजायची ती प्रसूतीची. चोवीस महिने पुरे झाल्यावर प्रसूती झाली तर क्लेम. म्हणजे पंधरा महिने थांबा, सोळाव्यापासून प्रयत्न करायला हरकत नाही.”

नेमक्या त्या वाक्याला सासूबाई पोहे घेऊन बाहेर आल्या.

“आणि आठव्या महिन्यातच झालं तर?” मी विचारलं.

“मग क्लेम गेला. म्हणून मी माझ्या सगळ्या कस्टमरना अठराव्या महिन्यापासूनच सांगतो.”

सासूबाईंनी पोह्यांची बशी टेकवली आणि शांतपणे विचारलं, “प्रयत्नांचा हप्ता वेगळा पडतो का हो?”

काका गेल्यावर मी आकडे मांडले. मातृत्वाच्या कलमासाठी वर्षाला चौदा हजार जास्त. दोन वर्षं थांबायचं, आणि प्रसूतीच्या वेळी पॉलिसी चालू हवी म्हणून तिसऱ्या वर्षाचाही हप्ता भरायचा. झाले बेचाळीस हजार. मिळणार किती? नॉर्मलला पस्तीस हजार, सिझरला पन्नास. म्हणजे तीन वर्षं बेचाळीस भरून मी सुखरूप, नैसर्गिक बाळंत झाले तर सात हजारांनी खड्ड्यात. पॉलिसी वसूल करायची तर पोट फाडून घ्यायचं, आणि तरी फायदा आठ हजारांचाच. वर बाळ एक वर्ष पुढे जाणार. मी तेहतिशीत होते आणि त्या वर्षाची भरपाई कुठल्याच कोष्टकात नव्हती. काकांना नम्रपणे नकार कळवला.

खरी वस्तू घरातच पडून होती, निखिलच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. तिचं पीडीएफ त्याने तीन वर्षांत उघडलेलं नव्हतं. मी उघडलं. वेटिंग पिरियड नाही. नॉर्मलला पन्नास हजार, सिझरला पंच्याहत्तर. गरोदरपणातल्या तपासण्यांना पाच हजार, तेही त्याच रकमेतून. बाळ पहिल्या दिवसापासून कुटुंबाच्या तीन लाखांत, मात्र जन्मानंतर तीस दिवसांच्या आत एचआरला कळवायचं. नाही कळवलं तर बाळ पुढच्या रिन्यूअलपर्यंत कंपनीच्या लेखी जन्मलेलंच नाही. ही तारीख मी लाल रंगात भरली. आणि हो, बायकोचं नाव यादीत आहे ना, हेही पाहिलं. लग्नानंतर ठरावीक मुदतीत ते घालावं लागतं. निखिलने घातलं होतं. स्पेलिंग चुकीचं होतं, पण मी होते.

या पॉलिसीची गोम अशी की ती नवऱ्याच्या नोकरीला बांधलेली. राजीनामा दिला की शेवटच्या दिवशी कव्हर संपलं, आणि नव्या कंपनीच्या पॉलिसीत बाळंतपण असेलच असं नाही. असलं तरी तिथे नऊ महिन्यांची अट असू शकते. निखिलला तेव्हा एका ठिकाणाहून बोलावणं येत होतं. पगार महिन्याला सहा हजारांनी जास्त. मी त्या कंपनीच्या पॉलिसीचं पान मागवायला लावलं. बाळंतपण शून्य. मग पंधरा महिने त्याने बॉसच्या विनोदांना हसायचं, असा ठराव झाला. बॉसला वाटतं माणूस कामात रमला.

आता हॉस्पिटल. पुण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये दर विचारायला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला. सिझर, दोघींची खोली : १,२०,०००. एकटीची खोली : १,६०,०००. मला वाटलं चाळीस हजार पलंगाचे. तसं नसतं. खोलीचा वर्ग चढला की सर्जनची फी चढते, भूलतज्ज्ञाची चढते, ऑपरेशन थिएटरचं भाडंही चढतं. थिएटर तेच, टेबल तेच, वरचा दिवाही तोच. फक्त तुम्ही नंतर कुठल्या खोलीत जाणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. त्या कागदाच्या तळाशी एक चांदणी होती, आणि चांदणीखाली बारीक अक्षरात : औषधं, बालरोगतज्ज्ञ आणि बाळाचे चार्जेस वेगळे. तळाची चांदणी आधी वाचायची ही माझी धंद्यातली सवय. बहुतेक घोटाळे तिथेच राहायला असतात.

निखिलला एकटीची खोली हवी होती, कारण बघायला येणाऱ्यांना बसायला सोफा हवा. पंच्याहत्तर हजार वजा जाता आमच्या खिशातून पंचेचाळीस हजार की पंच्याऐंशी, एवढाच तो प्रश्न होता. चाळीस हजारांचा सोफा आम्ही घरासाठीसुद्धा घेतला नव्हता.

इथवर मला सगळं पेलत होतं. मग मी उत्पन्नाची ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

माझी जाऊ नोकरी करते. तिला कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ साली ती बारावरून सव्वीसवर गेली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलं आणि आधीची हयात मुलं दोनपेक्षा कमी असली की हा हक्क आहे. माझ्या आस्थापनेत मी आणि एक प्रिंटर. प्रिंटर बहुतेक वेळा रजेवरच असतो.

मी महिन्याला सरासरी चाळीस हजार कमावते. शेवटचे दोन महिने निम्मं काम होईल असं धरलं, चाळीस हजार गेले. बाळंतपणानंतर तीन महिने शून्य, एक लाख वीस. त्यापुढचे तीन महिने पुन्हा निम्मं, साठ. एकूण दोन लाख वीस हजार! ज्या हॉस्पिटलच्या बिलाची सगळं जग धास्ती घेतं ते एक लाख वीस, आणि मी नुसती घरी बसणार त्याचे दोन लाख वीस. ते बिल कोणी छापून हातात देत नाही, म्हणून कोणाला दिसत नाही. त्यावर कुठलीच पॉलिसी मला मिळाली नाही.

आमच्या एका किराणावाल्या काकांना हळूच सांगून ठेवलं की पुढच्या वर्षी दोन-तीन महिने माझी मैत्रीण तुमचं रिटर्न भरेल. ते म्हणाले, “ताई, भरू दे की. पण वीस तारीख चुकायला नको हं, बाळाची चुकली तरी चालेल.”

तेवढ्यात मिरजेहून आईचा फोन. पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चेला जागाच नव्हती. मी परंपरेपेक्षा दर विचारले. मिरजेत घरोघरी डॉक्टर. आईच्या ओळखीच्या हॉस्पिटलात सिझरचा सगळा खर्च ऐंशी हजारांच्या आसपास, आणि बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत. पंच्याहत्तर हजारांची मर्यादा तिथे जवळजवळ पुरत होती. एकच अडचण, हे हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत नव्हतं. म्हणजे आधी आपण भरायचे, मग मूळ बिलं, तपशीलवार पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड पाठवून परत मागायचे. ते पैसे प्रत्यक्षात केव्हा हातात पडतील याचा वेटिंग पिरियड कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून क्लेम मिळणार असला तरी ऐंशी हजार पूर्ण हातात हवेत, असं मी लिहिलं.

बाळासाठी साठ हजार वेगळे ठेवले. कावीळ झाली आणि दोन-तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, किंवा बाळ घाईने आलं आणि काचेच्या पेटीत राहिलं, तर तिथे मीटर रोजच्या हिशेबाने पडतं. ते पैसेही पॉलिसीतून मिळणार, पण बाळाचं नाव चढल्यावर. तपासण्या, सोनोग्राफ्या आणि गोळ्यांना चाळीस हजार. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी, पाचव्यातली मोठी सोनोग्राफी, साखरेची तपासणी, यातल्या कशालाही अॅडमिट व्हावं लागत नाही, म्हणून पाच हजार वगळता पॉलिसीला त्याचं सोयरसुतक नाही.

दोन लाख वीस, ऐंशी, साठ आणि चाळीस मिळून बरोब्बर चार लाख. लग्नातल्या आहेराची एक लाखाची एफडी होती. उरलेल्या तीन लाखांसाठी पंधरा महिने वीस हजारांची आरडी. मी शीट रंगवून आईला पाठवलं. अर्ध्या तासात तिचा फोन.

“यात मालिशवाल्या मावशी कुठे आहेत?”

मावशी नव्हत्या. चाळीस दिवस, रोजचे तीनशे, बारा हजार.

“आणि डिंक, अळीव, तूप?”

“ते तू देणार ना?”

“मी लाडू देणार. तुपाचा भाव बघितलास का?” सहा हजार.

“बारसं?”

“साधंच करू, आई.”

“साधंच म्हणतेय मी. शंभर माणसं.” बऱ्याच घासाघिशीनंतर पन्नासावर आणि तेरा हजारांवर तोडगा निघाला. शिवाय जावई मिरजेला किती दिवस राहणार हेही तिने विचारून घेतलं, पण त्याची ओळ वेगळी लिहायची नाही असं ठरलं.

एकतीस हजार वाढले. आरडी अजून सुरू झाली नव्हती हे बरं झालं, हप्ता बावीस हजारांचा केला.