पासवर्ड कुणालाच दिला नव्हता, तरी अकाउंट गेलं

बहिणीचा फोन आला तेव्हा मागे भाच्याचा आवाज येत होता, "मामाला सांग, मी पासवर्ड नाही दिला कुणाला!" बहीण म्हणत होती, दिलाच असणार, नाहीतर असं कसं होईल? पोरगं चौदा वर्षांचं. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळात दोन-अडीच वर्षं जमवलेल्या वस्तू एका रात्रीत दुसऱ्याच कुणाकडे गेल्या होत्या. दोन-टप्प्यांचं लॉगिन चालू होतं, म्हणजे कोड आल्याशिवाय आत शिरता येत नाही ते. आणि कोड तर आलाच नव्हता.

मी संगणकाच्या कामातला माणूस, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. दोन संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून काय झालं ते शोधलं, आणि पोरगं खरं बोलत होतं हे कळलं. पासवर्ड त्याने खरंच दिला नव्हता.

सुरुवात फुकट रोबक्स, म्हणजे त्या खेळातले पैसे, देणाऱ्या 'जनरेटर'पासून झाली. हे त्याने काही महिन्यांपूर्वी करून पाहिलं होतं आणि आईपासून लपवलं होतं. मी त्याच्यासमोर तीच साइट उघडली. (साध्या कुतूहलापोटी असं करू नका. मी वेगळ्या मशीनवर, वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडली.) नाव विचारलं, मी `qqqqzzzz0000` असं काहीतरी बडवलं. लगेच हिरवी खूण, 'खेळाडू सापडला'. किती रोबक्स हवेत? दहा हजार. मग पट्टी भरायला लागली, 'सर्व्हरशी जोडतोय', 'रोबक्स टाकतोय'. मध्येच मी वायफाय बंद केलं. पट्टी शांतपणे शंभर टक्क्यांपर्यंत गेली. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. इंटरनेटच नाही, तर ही कुठल्या सर्व्हरशी बोलतेय? कुठल्याच नाही. ते पानातलंच टायमर होतं. रोबक्सचा आकडा कंपनीच्या सर्व्हरवर असतो, आपल्या ब्राउझरमध्ये फक्त दिसतो. बाहेरच्या पानावर नाव टाइप करून तो वाढत नाही.

शेवटी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' येतं, आणि सगळा धंदा तिथे असतो. सर्वेक्षण भरा, अमुक अ‍ॅप टाका, फोन नंबर द्या. भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे साइटवाल्याला जाहिरातीच्या साखळीतून पैसे मिळतात, आणि पोराला आणखी एक सर्वेक्षण मिळतं. भाच्याने तीन भरली आणि कंटाळून सोडून दिलं. मुलं वाटतात तितकी बावळट नसतात, जनरेटरच्या बाबतीत एकदा हात पोळला की शहाणी होतात. पण त्यातूनच त्यांना वाटायला लागतं की आपल्याला आता फसवणूक ओळखता येते.

अकाउंट गेलं ते अदलाबदलीच्या बोलण्यात. एका चॅटग्रुपवर एकाने मेसेज टाकला, तुझी ही टोपी मला हवी आहे, बदल्यात माझी अमुक वस्तू देतो. अमुक वस्तू टोपीच्या साधारण दुप्पट किमतीची. तीन दिवस तो गोड बोलत होता, खेळाबद्दल, अपडेटबद्दल. घाई अजिबात नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, हल्ली चोरीचा माल फिरतोय, तुझी टोपी खरी आहे का ते आधी तपासूया. म्हणजे चोरच चोरीची भीती घालत होता, आणि पोराला वाटलं, हा किती काळजी घेणारा आहे.

तपासणीसाठी एक साइट आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ. रोब्लॉक्सच्या खऱ्या साइटवर लॉगिन असताना `F12` दाब, `Network` वर जा, पान रीफ्रेश कर, पहिल्या ओळीवर राइट क्लिक करून `Copy as PowerShell` निवड आणि आलेला मजकूर तपासणीच्या चौकटीत पेस्ट कर. बनावट लॉगिन पान कुठेच नाही, पासवर्डचा विषयही नाही. साइटचा पत्ता नीट बघायला आपण मुलांना शिकवतो. त्याने बघितला होता, आणि पत्ता बरोबरच होता!

मी म्हटलं, तेच सगळं परत कर, पण पेस्ट माझ्या नोटपॅडमध्ये. भलामोठा अगम्य मजकूर आला. त्यात शोध म्हणून `WARNING` टाकलं आणि हे सापडलं:

```
_|WARNING:-DO-NOT-SHARE-THIS.--Sharing-this-will-allow-someone-to-log-in-as-you-and-to-steal-your-ROBUX-and-items.|_
```

हे कुणाला देऊ नका, दिलंत तर तो तुमच्या नावाने आत येईल आणि तुमचे रोबक्स आणि वस्तू चोरेल. चोराला पाठवलेल्या मजकुरातच ही सूचना लिहिलेली होती. भाचा काही बोलला नाही, फक्त दोनदा वाचली.

ही ओळ `.ROBLOSECURITY` नावाच्या कुकीच्या सुरुवातीला असते. आपण एकदा पासवर्ड आणि कोड देऊन आत गेलो की साइट ब्राउझरला ही कुकी देते. पुढे प्रत्येक क्लिकला ब्राउझर ती दाखवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. हातावर शिक्का मारून आत सोडतात तसंच. दोन-टप्प्यांचं लॉगिन दारावर असतं, आणि हा शिक्का दार ओलांडल्यावरचा आहे. तोच दुसऱ्याच्या हाती गेला की कोड विचारायची वेळच येत नाही.

म्हणूनच 'पासवर्ड कुणाला सांगू नकोस' हे आपलं ठरलेलं वाक्य मला आता अपुरं वाटतं. भाच्याने ते तंतोतंत पाळलं होतं. त्याला सांगायला हवं होतं ते वेगळंच: खऱ्या अदलाबदलीला समोरच्याला तुझ्या नावापलीकडे काहीही लागत नाही. खेळातल्याच खिडकीत दोन्हीकडच्या वस्तू दिसतात, दोघं होकार देतात, संपलं. त्या खिडकीबाहेर काही पेस्ट करायला, फाइल पाठवायला, एक्स्टेन्शन टाकायला कुणी सांगितलं तर तिथेच थांबायचं. आणि `F12` ने उघडणाऱ्या खिडकीतलं काहीही कुणालाच द्यायचं नाही, कारण काहीही असलं तरी.

बहिणीने त्याला हावरट म्हटलं, ते मला पटलं नाही. दुप्पट मिळतंय म्हणून हुरळणं मोठ्यांनाही चुकत नाही.

आम्ही आधी सुरक्षा सेटिंगमधून बाकीची सगळी सेशन्स लॉगआउट केली, कारण चोराकडची कुकी त्याने निकामी होते. मग पासवर्ड बदलला आणि ईमेल आपलाच आहे ना ते पाहिलं. मग कंपनीला लिहिलं. त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि गेलेल्या वस्तू परत मिळतीलच असं नाही, मिळाल्या तरी ती सवलत एकदाच. त्यामुळे मुलं घाबरून महिनाभर गप्प बसतात ते फार महागात पडतं.

मेसेज चाळताना दिसलं की रात्री भाच्याच्याच नावाने त्याच्या तीन मित्रांना तीच ऑफर गेली होती, त्याच व्हिडिओसकट. त्याने लगेच तिघांना फोन लावले. दोघांनी अजून मेसेज उघडलाच नव्हता. तिसरा म्हणाला, "अरे थांब ना, तूच पाठवलंयस ना, `F12` पर्यंत आलोय, पुढचं सांग."