गेमचे संगीत आणि कॉमेंट्रीचे वेगळे ट्रॅक : एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमची पद्धत उगाच किचकट आहे. गेमच्या सेटिंगमध्ये म्युझिक २० टक्के केलं की काम होतं. तरी मी तुमचं ऐकून ओबीएसमध्ये गेम आणि माइक वेगळे केले. मित्राला क्लिप पाठवली तर त्यात माझा आवाजच नाही! वर ऑडॅसिटीच्या ऑटो डकने म्युझिक सारखं वर-खाली होतंय, ऐकवत नाही. यापेक्षा जुनं बरं होतं.» — एक वाचक, कोपरखैरणे

नमस्कार. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने गेम आणि माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत आणि मग ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममधील ऑटो डकने आपण बोलत असताना संगीत आपोआप खाली आणावे, असे मी सुचवले होते. आपण दिलेला तपशील उपयोगी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

गेममधील संगीताच्या पट्टीबद्दल आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे महत्त्वाचे आहे. ओबीएस आवाज वेगळे करते ते प्रोग्रॅमनुसार. गेम स्वतः मात्र संगीत, पावलांचे आवाज, गोळीबार आणि पात्रांचे संवाद एकत्र मिसळूनच बाहेर सोडतो, त्यामुळे गेमचा ट्रॅक वेगळा केला तरी त्यातून केवळ संगीत उचलून खाली आणता येत नाही. संगीत आणि इतर आवाज यांचे परस्पर प्रमाण ठरवण्याची जागा गेमची सेटिंग हीच आहे. पण तिथे थेट २० टक्क्यांवर जाऊ नये, असे माझे मत आहे. आपण ज्या प्रसंगी गप्प असता, म्हणजे कथेचे दृश्य चालू असताना किंवा शर्यत संपल्यावर, तेव्हाही ते संगीत तितकेच मरगळलेले राहते, आणि रेकॉर्ड न झालेला जोर नंतर कशानेही परत येत नाही. संगीत ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवावे आणि उरलेली घट, फक्त आपण बोलत असतानाची, नंतर ट्रॅकवर करावी. ओबीएसच्या मिक्सरमधील पट्टी हाही मधला मार्ग नाही. ती खाली ओढली की गेमचा ट्रॅक तितकाच खाली रेकॉर्ड होतो.

मित्राकडे आपला आवाज का पोहोचला नाही, याचे कारण साधे आहे. मोबाइलवरील बहुतेक प्लेअर फाइलमधला पहिला ट्रॅकच वाजवतात आणि आपल्याकडे पहिल्या ट्रॅकवर फक्त गेम असणार. ओबीएसच्या Advanced Audio Properties या खिडकीत प्रत्येक स्रोतासमोर १ ते ६ असे चौकोन असतात. गेमसाठी १ आणि ३ वर, माइकसाठी १ आणि २ वर खूण करावी. मग पहिल्या ट्रॅकवर सर्व मिळून, दुसऱ्यावर केवळ आपण आणि तिसऱ्यावर केवळ गेम अशी रचना होते, आणि क्लिप तशीच कुणाला पाठवली तरी ऐकता येते. Settings मधील Output विभागात Advanced पद्धत निवडून Recording खाली १, २, ३ या तिन्ही ट्रॅकवर खूण असली पाहिजे. नाहीतर वरची सगळी मांडणी करूनही फाइलमध्ये एकच ट्रॅक उतरतो.

आता संगीत वर-खाली होण्याबद्दल. ही तक्रार खरी आहे, पण तिची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात, आणि नेमके कोणते ते ओळखल्याशिवाय आकडे बदलण्यात अर्थ नाही. दुसरा ट्रॅक एकटा वाजवून ऐका. त्यात पार्श्वभूमीला गेमचे संगीत ऐकू येत असेल, तर आपण स्पीकर लावून खेळत आहात आणि तेच संगीत माइकमध्ये शिरत आहे. अशा वेळी ऑटो डक आपल्या बोलण्याबरोबरच त्या संगीतालाही बोलणे समजते. संगीत चढले की ते स्वतःलाच दाबते, उतरले की मोकळे सुटते. याला हेडफोन घालून पुन्हा रेकॉर्ड करणे हाच उपाय. कळफलकाच्या जोरदार खटखटीनेही असेच होते. फक्त तेव्हा आपण गप्प असताना संगीत अधूनमधून बुडते.

दुसरा ट्रॅक स्वच्छ असेल आणि संगीत फक्त दोन वाक्यांच्या मध्ये उसळत असेल, तर दोष Maximum pause या आकड्याचा आहे. तो मुळात १ सेकंद असतो, म्हणजे आपण श्वास घ्यायला त्याहून जास्त थांबलात की ऑडॅसिटी बोलणे संपले असे मानून संगीत वर आणते आणि पुढच्या वाक्याला पुन्हा खाली ढकलते.

आमच्या ठाण्यातल्या इमारतीत राहणाऱ्या एका कॉलेजकुमाराचे कार-शर्यतीचे रेकॉर्डिंग मी नीट केले, त्याचे उदाहरण देतो. त्याचा आवाज सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास होता आणि गेमचा ट्रॅकही जवळजवळ तितकाच. मे महिन्यात पंखा बंद करा असे सांगण्याची माझी हिंमत झाली नाही, पण पंख्याची घरघर उणे ४५ च्याही खाली होती, म्हणून तिचा त्रास नव्हता. प्रथम संपूर्ण गेमचा ट्रॅक ४ डेसिबलने खाली आणला. मग ऑडॅसिटीत गेमचा ट्रॅक वर, त्याच्या लगेच खाली माइकचा ट्रॅक अशी मांडणी करून केवळ गेमचा ट्रॅक निवडला, कारण ऑटो डक निवडलेल्या ट्रॅकच्या नेमका खालचा ट्रॅक ऐकून चालते. Duck amount, म्हणजे बोलताना गेमचा आवाज किती उतरवायचा तो आकडा, मुळात उणे १२ असते. ट्रॅक आधीच खाली आणलेला असताना इतकी घट अंगावर येते, म्हणून उणे ८ केली. Maximum pause ३ सेकंद केला, आणि त्या एका बदलानेच उसळणे जवळजवळ थांबले.

तरीही काही वाक्यांचा शेवटचा शब्द संगीताखाली जात होता. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि तिथेच बोलणाऱ्याचा आवाज पडतो. «डावीकडून ओव्हरटेक करायला नको होतं» यातले «होतं» त्याच्या तोंडून निम्म्या आवाजात निघत असे. Threshold, म्हणजे ज्या पातळीच्या वरच्या आवाजाला ऑटो डक बोलणे मानते ती, मुळात उणे ३० असते, आणि हा पडलेला शब्द त्याच्या खाली राहत होता. तो उणे ३६ केला, तेव्हा शेवटचे शब्दही पकडले गेले. त्याहून खाली जाण्यात धोका होता, कारण मग पंखा मोजला गेला असता आणि संगीत कायमचेच दबले असते. बाहेरच्या दोन्ही फेडचे आकडे, म्हणजे संगीत हळूहळू उतरायला आणि परत चढायला लागणारा वेळ, मुळात अर्धा सेकंद असतात. वर येण्याचा, म्हणजे Outer fade up length, मी १ सेकंद केला, म्हणजे संगीत परत येताना लक्षात येत नाही.

हे सर्व नंतर करण्याचा एक फायदा असा की ऑडॅसिटीला पुढे काय येणार ते दिसत असते, त्यामुळे आपण तोंड उघडण्याच्या अर्धा सेकंद आधीच संगीत उतरू लागते. ओबीएसमध्ये माइकचा आवाज ऐकून गेमचा आवाज दाबणारा कंप्रेसर लावला तर तो बोलणे सुरू झाल्यावरच जागा होतो आणि पहिले अक्षर बऱ्याचदा दबते. शिवाय तो परिणाम ट्रॅकमध्ये कायमचा मुरतो. थेट प्रक्षेपण करताना मात्र नंतर काही करण्याची सोय नसते, आणि तिथे आपली २० टक्क्यांची युक्ती मला जास्त भरवशाची वाटते.

शेवटी दोन्ही ट्रॅक मिळून एकच डब्ल्यूएव्ही फाइल बाहेर काढून ती व्हिडिओ एडिटरमध्ये मूळ आवाजाच्या जागी बसवावी. त्याआधी ऑडॅसिटीत सुरुवातीची शांतता किंवा मधला कोणताही भाग कापू नये, नाहीतर तिथून पुढे चित्र आणि आवाज जुळणार नाहीत. कापाकापी एडिटरमध्ये, नवा आवाज बसवल्यानंतरच करावी.