न्यूट्रल तुटल्यावर टीव्ही कसा जळतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

"गोष्टीतला पाऊस आवडला, पण विजेचं काही पटलं नाही. न्यूट्रल तुटला तर सर्किटच पूर्ण होत नाही, मग घरात अंधार व्हायला पाहिजे, टीव्ही-फ्रीज जळतील कसे? आणि जळायच्या आधी फ्यूज का नाही उडाला? शिवाय लाईनमन मीटर घेऊन मोजायचं सोडून दारोदार विचारत फिरतो, शेवटी सगळ्यांना मेन बंद करा म्हणून ओरडतो, हे सगळं नाट्यासाठी ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं."

नमस्कार दादा, एवढं बारकाईने वाचलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण लाईनमन अण्णावरच्या माझ्या गोष्टीतलं विजेचं मी एक अक्षरही बदलणार नाही, का ते सविस्तर सांगतो.

तुम्ही म्हणता तसा अंधार होतो, पण कधी, तर तुमच्या एकट्याच्या घराचा न्यूट्रल तुटला तर. पोलावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरमधला न्यूट्रल गेला की तुमचं घर बंद, शेजारी चालू, विषय संपला. गोष्टीत तुटलाय तो गल्लीचा न्यूट्रल, म्हणजे डीपीपासून, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघून पोलापोलाने जाणारा, ज्याच्यावर तिन्ही फेजची घरं टांगलेली असतात. तो मध्येच सुटला की पुढच्या सगळ्या घरांचे न्यूट्रल एकमेकांना जोडलेलेच राहतात, फक्त डीपीशी संबंध तुटतो. मग एका फेजवरच्या घरातून निघालेला करंट परत जायला वाट शोधतो आणि ती त्याला दुसऱ्या फेजवरच्या घरातून मिळते. म्हणजे दोन घरं सिरीजमध्ये आली, आणि त्या दोघांच्या डोक्यावर 230 नाही तर फेज ते फेजचे 400 व्होल्ट.

आता हे 400 कसे वाटले जातात ते बघा, सगळी गोम तिथेच आहे. समजा एका घरात पाणी तापवायचा रॉड वगैरे धरून 2000 वॅटचा लोड चालू आहे आणि समोरच्या घरात टीव्ही, पंखा, एक ट्यूब मिळून 200 वॅट. कमी लोड म्हणजे जास्त रेझिस्टन्स, इथे दहापट, आणि सिरीजमध्ये जास्त रेझिस्टन्सवाल्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. हिशोब केला तर रॉडवाल्या घरात साधारण 36 व्होल्ट आणि टीव्हीवाल्या घरात 364. (प्रत्यक्षात तिसरी फेजही असते आणि उपकरणं साध्या रेझिस्टन्ससारखी वागत नाहीत, त्यामुळे आकडे मागेपुढे होतात, पण तऱ्हा हीच.) टीव्हीच्या आत एसीचं डीसी होतं, 230 चे सुमारे 325 होतात आणि तिथला मोठा कपॅसिटर बहुतेक वेळा 400 किंवा 450 व्होल्टचा असतो, 364 आले की आत 515 च्या आसपास जातात, मग तो फुगतो, फुटतो, वास येतो. गोष्टीतल्या म्हातारीला सिरीयल बघताना जो वास आला तो हाच.

आणि फ्यूज? फ्यूजला व्होल्टेज कळत नाही हो, त्याला फक्त करंट कळतो. वरच्याच हिशोबात दोन्ही घरांतून जाणारा एकच करंट 1.4 अँपिअरच्या आसपास येतो, रॉडवाल्या घरात रोज याच्या सहापट जातो! 10 अँपिअरचा फ्यूज निवांत बसून राहणार. एमसीबीचंही तेच, गळती पकडणारा ईएलसीबीसुद्धा पडत नाही, कारण जेवढा करंट आत गेला तेवढाच बाहेर आला, गळती काहीच नाही.

आता दारोदार फिरण्याबद्दल, कारण गोष्टीचा जीव माझ्या मते तिथेच आहे. अण्णाकडे मीटर आहे, त्याने डीपीवर लावून पाहिलाही, तिन्ही फेज न्यूट्रलशी 230 च्या जवळपास. म्हणजे डीपी ठीक, भानगड पुढे कुठेतरी. मीटर लावत पुढे जायचं तर लाईन चालू ठेवावी लागते, आणि लाईन चालू म्हणजे तेवढा वेळ घरांत जळणं चालूच. म्हणून त्याने आधी किटकॅट, म्हणजे डीपीवरचे फ्यूज, काढल्या, डीपीला येणारी वरची लाईन तोडणारा एबी स्विच पाडला, अख्खी गल्ली अंधारात, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता मेलेल्या लाईनवर व्होल्टेज मोजणार कुठलं? तुटलेली जागा खालून दिसतही नाही, कारण तार पडलेलीच नाहीये, पोलावर तारेला तार जोडणारा जंपर झिजून वाऱ्याने सुटलाय आणि जागच्या जागी टेकून उभा आहे, पावसात बॅटरी मारून तो धडधाकटच दिसतो. राहिला एकच मीटर, माणसं. जिथपर्यंत घरं शाबूत तिथपर्यंत न्यूट्रल शाबूत, जिथून बिघडलं त्याच्या अलीकडे तुटलाय.

पण नुसतं "काय जळलं का?" विचारून भागत नाही, आणि इथेच तो फसतो. एक घर म्हणतं आमचं काही जळलं नाही, लाईट जरा डिम झाला होता. ते घर तुटलेल्या जागेच्या पुढचंच आहे, फक्त जास्त लोडच्या फेजवर, आणि त्यांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर नुसता घुंऽ करत तापत होता हे त्यांना माहीतही नाही. त्याच्यापुढे यंत्रमागाचा कारखाना. मालक म्हणतो, "आमचे माग मस्त चालू होते की, तुम्ही लाईट काढली म्हणून बंद पडले." अण्णाला वाटतं, म्हणजे इथपर्यंत सगळं ठीक, आणि तो भर पावसात पुढचे पोल धुंडाळायला जातो. गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, घडवायची ती याच्यासाठीच, सोलापूर सोडून हा चकवा मला एवढा सहज मिळाला नसता. मागाची मोटर थ्री फेज, तिला न्यूट्रल लागतच नाही, न्यूट्रल गेला तरी फेज ते फेज 400 तसेच राहतात, तिला पत्ताही लागत नाही. तो परत येतो आणि प्रश्न बदलून विचारतो, "मागावरच्या ट्यूबांचं काय झालं बे?" तेव्हा कामगार सांगतो, त्या तर पांढऱ्याफेक होऊन केव्हाच गेल्या. तिथे त्याला कळतं की तो दोन पोल पुढे आलाय. दादा, याला तुम्ही ओढूनताणून म्हणालात म्हणून वाईट वाटलं, कारण लाईनवर काम करणाऱ्यांचं डोकं कसं चालतं ते मला जर कुठे दाखवायचं होतं तर या एका प्रश्नात.

पोलावर चढण्याआधी तो डिस्चार्ज रॉड लावून तिन्ही तारा आणि न्यूट्रल शॉर्ट करून अर्थ करतो, त्यावर मी दोन ओळीच लिहिल्यात, पण त्या मुद्दाम आहेत. कुणाचा इन्व्हर्टर, कुणाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला की बंद लाईनमध्येही उलटा करंट येतो.

आणि शेवटचं ते ओरडणं. जंपर बांधलाय बॅटरीच्या उजेडात, ओल्या हाताने. जुन्या पोलावर चार तारांत गल्लत होऊन न्यूट्रलच्या जागी फेज जोडली गेली तर जी घरं मघाशी वाचली त्यांच्यावरही पूर्ण 400 जातील. म्हणून आधी सगळ्यांचे मेन बंद, मग किटकॅट टाकायच्या, मग गल्लीच्या शेवटच्या पोलावर जाऊन टेस्ट लॅम्प लावायचा. त्यात दोन बल्ब सिरीजमध्ये असतात, 230 ला ते मंद पेटतात आणि 400 आले तर भगभगीत. तिन्ही फेजवर ते मंद पेटलेले बघितल्याशिवाय तो कुणाला मेन टाकू देत नाही, आणि तोपर्यंत लोक त्याच्यावर ओरडत असतात, हे मी तसंच ठेवणार आहे.