क्लेम नाकारल्याचा ईमेल आला? अभिनंदन!

माणूस डेंग्यूने फणफणून जळगावच्या दवाखान्यात चार दिवस सलाईनवर पडून घरी येतो आणि मागोमाग मेडिक्लेमवाल्यांचा ईमेल येतो. या आठवड्यात आमच्याही घरात आला. म्हणून हे मोफत मार्गदर्शन.

ईमेल शेवटपर्यंत वाचू नका. 'रिग्रेट' दिसलं की थेट एजंट भाऊंना फोन लावा. पॉलिसी विकताना ते रात्री अकरालाही उचलायचे.

'क्लोज्ड' आणि 'रिप्युडिएटेड' एकच समजा. क्लोज्ड म्हणजे मागितलेले कागद न मिळाल्याने फाईल बंद, कागद पाठवून ती परत उघडायला सांगता येते. रिप्युडिएटेड म्हणजे तपासून नाकारलेला. पण एवढ्या खोलात कोण जातं, नाही का?

कारणाच्या जागी Excl04 दिसलं तर मुकाट मान डोलवा. 'पेशंट मुख्यतः तपासण्यांसाठी दाखल होता' असा त्याचा अर्थ. पॉलिसीतलं हे कलम उघडून तर मुळीच बघू नका, कारण तिथे 'मुख्यतः'च्या सोबतीला 'फक्त'सुद्धा आहे. दाखल होणं फक्त निदानापुरतं असेल तरच खर्च नाकारता येतो. प्लेटलेट ३८ हजारांवर, उलट्यांमुळे पोटात पाणी ठरत नाही, सलाईन दिवसरात्र चालू, आणि हे म्हणतात तपासणीला आला होता! चार दिवस हौस म्हणून हाताला सुई टोचून घेतली का त्याने? यांना असं लिहायला फावतं, कारण डिस्चार्ज कार्डावर दवाखान्याने 'ताप, तपासण्या केल्या, औषधोपचार केले' एवढी एकच ओळ खरडलेली असते आणि बिलात लॅबचा आकडा सगळ्यात मोठा असतो. उपचाराचा खरा पुरावा इनडोअर केसपेपरमध्ये असतो: तापाचा तक्ता, सिस्टरच्या नोंदी, कोणतं औषध शिरेतून किती वाजता दिलं ते. तो कागद तुम्ही मागतच नाही.

ईमेलमध्ये कलमाचा उल्लेखच नसेल तर फारच छान. नियमाप्रमाणे तो द्यावा लागतो, पण तुम्ही विचारू नका.

आणि no-reply पत्त्यावर कळकळीचं उत्तर जरूर पाठवा.

पुरे झाली थट्टा. अहो, केळीचा भाव क्विंटलमागे पन्नास रुपयांनी पडला तर व्यापाऱ्याच्या दारात उभे राहता, आणि इथे हजारो रुपये एका ईमेलवर सोडून देता? केसपेपरची प्रत घ्या. घरी राहून उपचार का शक्य नव्हते, हे डॉक्टरांकडून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह लिहून घ्या. दोन्ही कागद जोडून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लेखी पाठवा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक न्यायालयात तेच प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून रागाच्या भरात दोन्हीकडे अर्ज ठोकू नका. आणि केसपेपर उद्याच मागा, दवाखान्यातला तो कारकून 'पुढच्या सोमवारी या' म्हणणारच आहे.