डिकीचे लिटर मोजून स्कूटर निवडू नका

"रोज बाजार आणि मूल दोन्ही न्यायचं असेल तर फार विचार करू नका. सगळ्यात जास्त लिटरची डिकी बघा आणि घ्या. सामान डिकीत जातं, मूल पुढे उभं राहतं आणि सीट काय, सगळ्यांची सारखीच असते."

स्कूटर घ्यायला निघालेल्याला असा सल्ला हमखास मिळतो, पण तो टिकत नाही. आधी लिटरचं बघू. कंपनी जो आकडा देते तो डिकीच्या सगळ्या खाचाकोपऱ्यांसकट असतो. पिशवीला मात्र खोली, रुंदी आणि तोंड लागतं. पेट्रोल स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वर-खाली होतं. त्याला वाव ठेवायचा म्हणून बऱ्याच डिक्यांचा तळ मागच्या बाजूला उंच घेतलेला असतो. पुढे खोल आणि मागे उथळ अशा डिकीत पुढच्या खड्ड्यात हेल्मेट बसतं, पण मागे चपटी वस्तूच जाते. सीटच्या खालच्या बाजूला पट्ट्या आणि फुगवटे असतात, ते बंद करताना आत येतात. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डिकीवर सीट दाबावी लागते आणि खालची भाजी चेपते. इंजिनाची धग असते ती वेगळीच. दूध, पालेभाजी आणि अंडी ही डिकीत ठेवायची वस्तूच नाही, मग डिकी 18 लिटरची असो की 33 ची. बॅटरीवरच्या गाडीत ही धग कमी असते, पण चार्जर सोबत न्यायचा असेल तर तो आतच ठेवावा लागतो.

लिटरइतकाच किलोचाही हिशोब आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत डिकीत किती वजन ठेवायचं ते दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत ते 10 किलोच्या आसपास असतं. धान्य, तेल आणि साबणाची मोठी खरेदी जागेच्या आधी वजनानेच ही मर्यादा गाठते.

शिवाय डिकी उघडायची म्हणजे सीट उचलायची, आणि सीटवर मूल बसलेलं असतं. प्रत्येक दुकानापाशी त्याला उतरवा, रस्त्याच्या कडेला उभं करा, डिकी उघडा, पिशवी कोंबा, पुन्हा चढवा. दोन थांबे असले तर दोनदा. म्हणून रोजच्या वापरात डिकीत तेच जातं जे घरून निघताना ठेवलं आणि घरी आल्यावर काढलं. वाटेत घेतलेलं सामान आपोआप फुटबोर्डवर येतं. पेट्रोलचं झाकण सीटखाली असेल तर पंपावरही हीच कसरत. झाकण बाहेरून उघडणारी गाडी मूल असलेल्या घराला लिटरच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा मुद्दा मुलाचा, आणि इथे मला खरोखर काळजी वाटते. पुढे उभ्या असलेल्या मुलाचं तोंड हँडल आणि मीटरच्या उंचीवर येतं. त्याला धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं, कारण चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर असतात. जोरात ब्रेक लागला की हनुवटी आणि दात सरळ मीटरवर जातात. मूल थोडं उंच झालं की त्याचं डोकं चालवणाऱ्याच्या नजरेसमोर येतं आणि हँडल पूर्ण वळवायला जागा उरत नाही. आणखी एक गोष्ट: थांबलेल्या चालू गाडीवर मूल आधारासाठी हँडलची मूठ पकडतं आणि ती पिळली जाते. बॅटरीच्या गाडीला तर उभी असताना आवाजही नसतो, म्हणून ती चालू आहे हे लक्षातच येत नाही. थांबलात की आधी गाडी बंद करा, मग पिशवीला हात लावा.

बरं, मूल पुढे उभं राहिलं तर त्या जागेत पिशवी कशी राहणार? फुटबोर्ड एकच आहे. मूल मागे बसलं, लहान असेल तर आपल्याला बांधलेल्या पट्ट्यांसह, तरच फुटबोर्ड सामानाला मोकळा होतो. तो सपाट आहे का, हे मग पाहायचं. मधे उंचवटा असेल तर पिशवी एका बाजूला कलते. हूकला लटकवलेल्या पिशवीचा तळ फुटबोर्डला टेकायला हवा. अधांतरी राहिली तर वळणावर झुलते आणि पायावर आपटते. हूकवर किती किलो चालतात तेही लिहिलेलं असतं आणि तो आकडा छोटाच असतो. काही गाड्यांत पेट्रोलची टाकी किंवा बॅटरी फुटबोर्डखाली नेलेली असते. टीव्हीएस ज्युपिटर 125 ची 33 लिटरची डिकी त्यातूनच निघाली आहे. असं केल्याने फुटबोर्ड उंच झाला असेल तर उंच माणसाचे गुडघे वर येतात, म्हणून बसून बघितल्याशिवाय ठरवू नये.

सीटबद्दलचा दावा तर आकड्यांवरच टिकत नाही. कुठे सीटची लांबी 700 मिलिमीटरच्या आसपास असते, तर एथर रिझ्टाची 900 मिलिमीटर आहे. 700 ची सीट धरून हिशोब करू. चालवणारा मोठा माणूस साधारण 380 घेतो, सहा-सात वर्षांचं मूल 250. झाले 630, म्हणजे 70 मिलिमीटर उरले. आता मुलाच्या पाठीवर 180 मिलिमीटर जाडीचं दप्तर चढवा: 810. दप्तर सीटच्या बाहेर लटकतं आणि प्रत्येक खड्ड्यात मुलाचे खांदे मागे ओढतं. त्यात फुटबोर्डवर मोठी पिशवी असली की चालवणाऱ्याचे पाय मागे सरकतात, तो स्वतः मागे सरकतो आणि मुलाचे उरलेले 70 पण जातात. सीट पुढे उतरती असेल तर मूलही घसरत त्याच्या पाठीवर येतं.

म्हणजे दप्तर पाठीवरून काढायलाच हवं. 42 बाय 30 बाय 18 सेंटिमीटरचं भरलेलं दप्तर जवळजवळ 23 लिटर होतं. 18 लिटरच्या डिकीत ते जाणार नाही. 33 लिटरच्या डिकीत आकार जुळला तर जाईल, पण मग बाजाराला जेमतेम 10 लिटर उरतात आणि तेही कोपऱ्यांत. त्यापेक्षा 18 ची डिकी आणि लांब, सपाट फुटबोर्ड असलेल्या गाडीत दप्तर पुढे पायांमध्ये आडवं ठेवून टिकाऊ किराणा डिकीत टाकला तर काम नीट भागतं.

सीटची रुंदीही बघा. मागे फार रुंद सीटवर छोट्याचे पाय फाकतात आणि फुटरेस्टपर्यंत पोचत नाहीत. पाय टेकत नसतील तर पट्ट्यांशिवाय मागे बसवू नका. मागे जादा डबा बसवून जागा वाढवायचा सल्लाही ऐकू येतो. तो मागच्या चाकाच्याही मागे येतो, भरला की हँडल हलकं लागतं. पाठ टेकायला तो बरा, किराण्याला नको.

शोरूममध्ये मूल, त्याचं भरलेलं दप्तर आणि दोन भरलेल्या पिशव्या घेऊन जा. गाडी मेन स्टँडवर असताना आधी पिशव्या ठेवा, मग स्वतः बसा आणि शेवटी कुणाच्या तरी मदतीने मुलाला मागे बसवा. साइड स्टँडवर हे करू नका, तिथे गाडी एका बाजूला कललेली असते. मग हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. ते गुडघ्याला किंवा पिशवीला लागलं, अथवा तुमचे पाय फुटबोर्डवर पूर्ण टेकले नाहीत, तर डिकीवरचा आकडा कितीही मोठा असो, ती गाडी सोडून पुढची बघा.